ईसीजीवर ‘सायनस टॅकिकार्डिया’ किंवा ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’ छापून आलंय: डॉक्टरांकडे जाण्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

नेहमीच्या तपासणीत ईसीजी काढला, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात यापैकी एक शब्द आला, की बहुतेक जण दोनपैकी एक चूक करतात. काही जण त्याला हृदयरोग समजून मनानेच गोळ्या बंद करतात किंवा नव्या सुरू करतात. बाकीचे ‘मशीन काहीही छापतं’ म्हणत कागद फाईलमध्ये ठेवून देतात. या ओळीतून दोनच गोष्टी कळतात, ठोका कुठून निघतोय आणि किती वेगाने निघतोय. तो वेग का बदलला हे त्या ओळीत नसतं, ते शोधावं लागतं, आणि शोधण्याचा क्रम चुकला की उत्तरही चुकतं.

खालचं सगळं प्रौढांसाठी आहे. लहान मुलांचे ठोके मुळातच जलद असतात आणि वयानुसार बदलतात. त्यामुळे मुलाच्या कागदाला हे आकडे लावू नका.

## सगळ्यात आधी: थांबायचं की निघायचं

ठोके जलद असोत वा संथ, सोबत छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं वाटणं, शुद्ध हरपणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळायला होणं, बसल्या जागी धाप लागणं, थंड घाम किंवा बोलताना गोंधळ उडणं यातलं काहीही असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. तातडीच्या विभागात जा, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका. शांत पडून राहूनही ठोके १२० च्या खाली येत नसतील, किंवा जागेपणी ४० च्या खाली राहत असतील, तर त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

यातलं काही नसेल तर हातात वेळ आहे.

## तयारी: चार गोष्टी समोर ठेवा

पहिली गोष्ट म्हणजे ईसीजीचा मूळ आलेख, लाल-गुलाबी चौकटींचा कागद. टाईप केलेला एक पानी अहवाल पुरत नाही. दुसरी, जुना एखादा ईसीजी, कितीही वर्षांपूर्वीचा असला तरी चालेल. तिसरी, सेकंद दाखवणारं घड्याळ.

चौथी गोष्ट घरातली सगळी चालू औषधं, आणि इथेच सर्वांत जास्त गफलत होते. ‘बीपीची गोळी’ एवढं लिहून भागत नाही. पाकिटावरचं औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि घेण्याची वेळ उतरवून काढा. डोळ्यांत घालायचे थेंब, दम्याचा पंप, सर्दीची गोळी, थायरॉईडची गोळी आणि वजन कमी करण्यासाठी म्हणून घेतलेली पावडर हीसुद्धा औषधंच आहेत. विचारल्यावर लोक नेमकी हीच सांगत नाहीत.

## १. छापलेली ओळ शब्दागणिक वाचा

‘सायनस’ म्हणजे ठोका हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात असलेल्या सायनस नोडमधून निघतोय, जिथून निघायला हवा तिथूनच. नाकाच्या सायनसशी याचा काहीही संबंध नाही. या शब्दाने घाबरायचं कारण नाही, उलट ही चांगली बातमी आहे.

‘टॅकिकार्डिया’ म्हणजे मिनिटाला १०० पेक्षा जास्त ठोके, ‘ब्रॅडिकार्डिया’ म्हणजे ६० पेक्षा कमी. या रेघा माणसांनी सोयीसाठी आखलेल्या आहेत. बहुतेक मशीन ६० ची रेघ धरतात, म्हणून ५८ ठोक्यांवरही ब्रॅडिकार्डिया छापून येतं. हृदयतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनांनी २०१८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत मात्र ही रेघ ५० वर आहे. ५४ किंवा ५७ आकडा असेल, त्रास काही नसेल आणि बाकीचा आलेख ठीक असेल, तर बऱ्याचदा पुढे शोधण्यासारखं काही निघत नाही.

मग त्याच ओळीचा उरलेला भाग बघा. ‘अन्यथा सामान्य ईसीजी’ अशा अर्थाचं काही छापलंय का? की त्याखाली पीआर, क्यूआरएस, क्यूटी, ब्लॉक, एसटी असे शब्द असलेली आणखी एखादी ओळ आहे? तशी ओळ असेल तर डॉक्टरांना आधी ती दाखवा, वेगाचा प्रश्न नंतरचा.

तपासा: ‘अनकन्फर्म्ड’ असा शब्द आहे का? असेल तर हे निदान मशीनच्या संगणकाने केलंय, डॉक्टरांनी अजून पाहिलेलं नाही. कागदावर सही असली तरी ती कोणाची आहे ते विचारा. कधी कधी ती फक्त ईसीजी काढणाऱ्या तंत्रज्ञाची असते.

## २. कागदावर ठोके स्वतः मोजा

नेहमीचा बारा लीडचा ईसीजी म्हणजे जेमतेम १० सेकंदांची नोंद. खालच्या बाजूला एक सलग लांब पट्टी असते, बहुधा लीड टूची, म्हणजे कागदावर II लिहिलेली. त्या पट्टीतली उंच टोकं मोजा आणि ६ ने गुणा. १८ टोकं भरली तर १०८ ठोके, ८ भरली तर ४८. पट्टी पूर्ण १० सेकंदांची आहे ना, हे मोठ्या चौकटींवरून कळतं. कागदाचा वेग सेकंदाला २५ मिलिमीटर असेल (कडेला छापलेला असतो), तर एक मोठी चौकट ०.२ सेकंदांची, म्हणजे १० सेकंदांत ५० चौकटी यायला हव्यात.

तुमचा आकडा मशीनच्या आकड्याच्या आसपास आला तर पुढच्या पायरीवर जा. दुप्पट किंवा निमपट आला तर मशीनची मोजणी चुकलेली आहे. ठोक्याचं टोक लहान आणि त्यानंतर येणारी टी लहर उंच असली की मशीन कधी कधी तिलाही ठोका धरतं आणि आकडा दुप्पट होतो. थंडीने किंवा भीतीने हात थरथरत असतील तर आलेखावर बारीक दातेरी रेघा उठतात आणि त्यातही मोजणी बिघडते. अशा वेळी ईसीजी पुन्हा काढून घेणं एवढाच उपाय.

आता प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक छोटा गोल उंचवटा दिसतो का ते बघा. ही पी लहर. ठोका सायनसचा असेल तर लीड टूमध्ये ती वर उठलेली, दर वेळी सारखीच आणि टोकापासून तेवढ्याच अंतरावर असते. ती दिसत नसेल, उलटी दिसत असेल किंवा एका टोकाआधी दोन दिसत असतील, तर ‘सायनस’ या शब्दावरच शंका घ्यायला जागा आहे. निर्णय तुम्ही करायचा नाही, पण हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

सावधान: विश्रांतीत ठोके १५० च्या जवळपास असतील आणि ते घड्याळासारखे न हलता तिथेच अडकून राहिले असतील, तर मशीनने छापलेल्या ‘सायनस टॅकिकार्डिया’वर विश्वास ठेवू नका. एट्रियल फ्लटर नावाच्या बिघाडात हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला सुमारे ३०० वेळा धडकतात आणि दोनातला एकच ठोका खाली पोचतो. मशीन त्याला सायनस समजून बसतं. खऱ्या सायनस टॅकिकार्डियात ठोके श्वासाबरोबर, उठल्या-बसल्यावर थोडे तरी मागेपुढे होतात, आणि वेग हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. दिव्याचं बटण दाबावं तशी धडधड एका क्षणात सुरू आणि एका क्षणात बंद होत असेल, तर ते बहुधा सायनसचं काम नाही.

संथ बाजूलाही अशीच एक फसगत होते. वरच्या कप्प्यातून अवेळी निघालेला ठोका खाली पोचलाच नाही, आणि असं एकाआड एक घडत राहिलं, तर कागदावर चित्र हुबेहूब सायनस ब्रॅडिकार्डियाचं दिसतं. खूण टी लहरीत सापडते. तिच्यावर एखादी टोकेरी गाठ किंवा खळगा दिसेल, तिथे ती हरवलेली पी लहर लपलेली असते.

## ३. त्या १० सेकंदांआधी काय घडलं ते लिहून काढा

ही पायरी लोक गाळतात, आणि टॅकिकार्डियाच्या बऱ्याच कागदांचं उत्तर इथेच निघतं. ईसीजी काढण्याआधीच्या दोन तासांचं लिहा. जिने चढून आलात का? झोपवल्यावर लगेच मशीन सुरू केलं, की पाच मिनिटं थांबले? चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट? रक्त तपासायचं म्हणून रात्रभर उपाशी होतात आणि पाणीही घेतलं नव्हतं? ताप होता का? शरीराचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की ठोके साधारण दहाने वाढतात. म्हणजे एरवी ८५ ठोके असणाऱ्याला ३९ अंश तापात १०५ येणं स्वाभाविक आहे. गरोदरपणातही शेवटच्या महिन्यांत विश्रांतीतले ठोके १० ते २० ने वाढतात.

भीतीनेही वाढतात. उघड्या छातीवर गार चिकट पट्ट्या लावून अनोळखी खोलीत पडलेल्या माणसाचे ठोके ९० वरून १०६ वर गेले, तर त्यात आजार शोधायची घाई नको.

संथ ठोक्यांसाठी प्रश्न वेगळे. नियमित पळता, पोहता किंवा सायकल चालवता का? तयारीच्या खेळाडूंचे ठोके जागेपणी चाळिशीत असू शकतात. रक्त काढल्याबरोबर ईसीजी काढला का, आणि सुई टोचताना गरगरलं होतं का? तसं असेल तर ती संथ गती काही मिनिटांपुरतीच असते.

## ४. घरी सात दिवस मोजा, पण नीट

एका कागदावरून काहीच ठरवू नका. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, असे रोज दोनदा मोजा. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू आणि व्यायाम नको. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, मोबाईल बाजूला ठेवा. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची सवयही सोडा, एक ठोका चुकला की आकडा चाराने हलतो.

आकड्याबरोबर वेळ, शेवटची गोळी कधी घेतली आणि त्या वेळी कसं वाटत होतं, हेही लिहा. तिसरी गोष्ट नसेल तर वहीचा उपयोग निम्मा होतो, कारण संथ ठोक्यांच्या बाबतीत डॉक्टरांचा सगळा निर्णय आकडा आणि त्रास एकाच वेळी होते का यावर असतो.

तपासा: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि मनगटावरचं घड्याळ रक्ताची लाट मोजतात, हृदयातली वीज नाही. एकाआड एक ठोका अवेळी आणि अशक्त पडत असेल तर त्याची लाट बोटापर्यंत पोचत नाही. अशा वेळी ऑक्सिमीटर ४० दाखवतो आणि त्याच मिनिटाचा ईसीजी ८०. नाडी मोजताना मध्येच ठोका गाळल्यासारखा लागत असेल तर वहीत ‘अनियमित’ असं लिहा.

झोपेतले आकडे या वहीत घेऊ नका. गाढ झोपेत धडधाकट माणसाचेही ठोके चाळिशीत उतरतात. घड्याळाने पहाटे तीन वाजता दिलेल्या सूचनेवरून ब्रॅडिकार्डिया ठरवणं ही अलीकडे फार दिसणारी चूक आहे. मात्र मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं हे सोबत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास थांबण्याच्या विकारात रात्री ठोके खूप संथ होतात.

## ५. औषधांची यादी समोर ठेवून जुळवा

ठोके वाढवणारी नेहमीची औषधं म्हणजे दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल, चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या आणि गरजेपेक्षा जास्त झालेली थायरॉक्सिनची गोळी. याशिवाय मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गोळी अचानक बंद केली तरी ठोके उसळतात.

ठोके कमी करणाऱ्यांत हेच बीटा ब्लॉकर येतात. शिवाय डिल्टियाझेम, व्हेरापामिल, आयव्हाब्रॅडिन, डिगॉक्सिन, अमिओडॅरोन, क्लोनिडिन आणि स्मरणशक्तीसाठी दिलं जाणारं डोनेपेझिल. यातलं एखादं औषध डॉक्टरांनी ठोके कमी करण्यासाठीच दिलेलं असेल, तर कागदावरचं ‘ब्रॅडिकार्डिया’ म्हणजे गोळी काम करतेय एवढंच. मशीनला तुमच्या गोळ्या माहीत नसतात.

एक उदाहरण पूर्ण पाहू. समजा ५८ वर्षांचे गृहस्थ आहेत, रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम तीन वर्षं चालू. दोन वर्षांपूर्वीच्या ईसीजीवर ६२ ठोके, आताच्या कागदावर ‘सायनस ब्रॅडिकार्डिया, ४७’. पट्टीवर ८ टोकं, म्हणजे ४८, मशीनची मोजणी बरोबर. प्रत्येक टोकाआधी एकेक पी लहर, बाकी आलेख ठीक. आठवडाभराच्या वहीत सकाळी ४६ ते ५०, आणि तीन ठिकाणी ‘जिना चढताना पाय गळाले’ अशी नोंद.

गोळी तीच, डोसही तोच, मग १५ ठोके कुठे गेले? दोन कागदांच्या मधल्या काळात काय नवीन सुरू झालं, हा प्रश्न विचारला की उत्तर निघतं. दोन महिन्यांपूर्वी काचबिंदू निघाला आणि डोळ्यांसाठी टिमोलॉलचे ०.५ टक्क्याचे थेंब दिवसातून दोनदा सुरू झाले. टिमोलॉल हाही बीटा ब्लॉकरच. थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो, तिथल्या आतल्या ओलसर अस्तरातून थेट रक्तात जातो आणि यकृतातून गाळून न निघता हृदयापर्यंत पोचतो. म्हणजे हे गृहस्थ नकळत दोन बीटा ब्लॉकर घेत होते. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना थेंब माहीत नव्हते, थेंब देणाऱ्यांना गोळी माहीत नव्हती.

पुढचं पाऊल या दोघांचं आहे, रुग्णाचं नाही. काचबिंदूसाठी दुसऱ्या गटातले थेंब असतात, लॅटानोप्रोस्ट त्यातलेच, आणि नेत्रतज्ज्ञ शक्य असेल तर बदल करतात. तेच थेंब ठेवायचे असतील तर घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरायला सांगतात, त्याने औषध नाकात कमी उतरतं. बदलानंतर दोन आठवडे वही चालू ठेवायची. ठोके साठीच्या आसपास परतले आणि पायही गळायचे थांबले, तर कारण सापडलं. थकवा जाऊनही ठोके तेवढेच राहिले, किंवा ठोके वाढूनही थकवा राहिला, तर शोध अजून संपलेला नाही.

सावधान: कागदावर ब्रॅडिकार्डिया पाहून बीटा ब्लॉकर मनाने बंद करू नका. अचानक थांबवलं की ठोके आणि रक्तदाब उसळतात, आणि ज्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे त्यांना छातीत दुखू लागतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. काचबिंदूचे थेंब मनाने सोडले तर नजर जाऊ शकते. डोस उतरवायचा असला तरी तो टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

## ६. डॉक्टरांकडे काय न्यायचं, आणि तिथे काय होतं

नवा आलेख, जुना आलेख, सात दिवसांची वही, औषधांची यादी आणि ईसीजीच्या आधीच्या दोन तासांची नोंद न्या. एवढं असेल तर डॉक्टर नेमक्या तपासण्या सांगू शकतात.

घरीही विश्रांतीत ठोके सतत १०० च्या वर भरत असतील, तर सुरुवात बहुधा हिमोग्लोबिन आणि टीएसएच यांपासून होते, कारण रक्त कमी असणं आणि थायरॉईड जास्त असणं ही दोन कारणं वारंवार सापडतात. ठोके ‘शांत करणारी’ गोळी पहिल्याच भेटीत मागू नका. सायनस टॅकिकार्डिया बहुतेक वेळा शरीराची गरज भागवत असतो. पोटात कुठे रक्तस्राव होत असेल, जंतुसंसर्ग असेल किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर जलद ठोक्यांवरच रक्ताभिसरण तगून असतं. कारण न शोधता ते खाली आणणं धोक्याचं. काळी शौच होणं, किंवा एक पाय सुजून नव्याने धाप लागणं, हे असेल तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका.

उभं राहिल्यावरच धडधड होत असेल तर तेही आधी सांगा. पडून आणि मग उभं राहून दहा मिनिटं ठोके व रक्तदाब मोजण्याची साधी चाचणी असते. तिच्याशिवाय हा प्रकार आलेखात सापडत नाही, कारण ईसीजी पडूनच काढतात.

संथ ठोक्यांसाठी टीएसएच आणि रक्तातलं पोटॅशियम बघतात, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास असेल तर. त्रास मधूनच होत असेल तर २४ किंवा ४८ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं, सलग ईसीजी नोंदणारं छोटं यंत्र लावतात. होल्टर असताना नेहमीची कामं करा, आणि चक्कर आली की वेळ लिहून ठेवा. काहीच न करता घरी झोपून काढलेलं होल्टर जवळजवळ वाया जातं. श्रम केल्यावर ठोके वाढतात की नाही हे पाहायला ट्रेडमिलवर चालवतात.

पेसमेकरची भीती बहुतेकांना इथेच वाटते. सायनस ब्रॅडिकार्डियात ‘अमुक आकड्याखाली पेसमेकर’ असा नियम नाही. त्रास ठोके संथ असतानाच होतोय हे नोंदीत दिसलं, आणि औषध, थायरॉईड यांसारखं दुरुस्त होणारं कारण उरलं नाही, तरच तो विषय निघतो. जागेपणी ४५ ठोके असून दोन मजले न थांबता चढणाऱ्याला सहसा तो लागत नाही.

## ७. कागद जपून ठेवा

ईसीजीचा कागद बऱ्याच ठिकाणी उष्णतेने छापला जाणारा असतो आणि काही वर्षांत पांढरा पडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा उन्हात त्याहून लवकर. त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा सपाट ठेवून, चौकटी स्पष्ट दिसतील असा फोटो घ्या. मागच्या बाजूला तारीख, त्या दिवशी घेतलेल्या गोळ्या आणि थेंब, ताप होता का, आणि मशीन सुरू करण्याआधी किती मिनिटं पडून होतात ते लिहा. पुढच्या ईसीजीवर वेगळा आकडा आला की डॉक्टर आधी हाच कागद मागतील.